पासवर्ड नको, परवानगी हवी: क्लायंटला पाठवायचा ईमेल आणि त्यामागचा हिशेब

प्रश्न: "मी बेळगावात एकटाच डिजिटल मार्केटिंगचं काम करतो. शहापूरच्या एका साडीच्या दुकानाचं काम मिळालंय. गूगल अ‍ॅड्स, अ‍ॅनालिटिक्स आणि टॅग मॅनेजर, तिन्हीचा अ‍ॅक्सेस हवा म्हणून मेल केला, तर मालक म्हणाले, 'एवढं सगळं कशाला पाहिजे ओ? त्यापेक्षा पासवर्डच घे.' आता दुसरा मेल कसा लिहू, आणि नक्की कुठली परवानगी मागू?"

मालकांच्या त्या दोन वाक्यांतच तुमची अडचण आहे. आधी ते घाबरले, मग कंटाळून सगळंच द्यायला निघाले. "अ‍ॅक्सेस द्या" एवढंच म्हटलं की दुकानदाराला दुकानाची किल्ली मागितल्यासारखं वाटतं, आणि किल्ली म्हटली की द्यायची किंवा नाही द्यायची, मधलं काही नसतं. या तीन ठिकाणी मात्र मधलं बरंच काही आहे. अ‍ॅड्समध्ये त्यांचे पैसे खर्च होऊ शकतात, अ‍ॅनालिटिक्समध्ये त्यांची माहिती दिसते आणि टॅग मॅनेजरमधून त्यांच्या वेबसाइटवर काहीही चालवता येतं. धोके तीन जातीचे आहेत, तेव्हा परवानग्याही तीन जातीच्या मागायच्या, आणि प्रत्येकीपुढे "याने मी हे करणार, हे मला करता येणार नाही" असं लिहायचं. माझ्या अनुभवात ते "करता येणार नाही" वालं वाक्यच मालक दोनदा वाचतात.

पासवर्ड मात्र घेऊ नका, ते स्वतःहून देत असले तरी. दुसऱ्याच्या जीमेलने आत गेलात की तुमचं आणि त्यांचं काम वेगळं ओळखता येत नाही. उद्या बजेट कुणी वाढवलं असा प्रश्न निघाला तर अ‍ॅड्सच्या `Change history` मध्ये त्यांचाच पत्ता दिसेल. शिवाय त्याच जीमेलवर त्यांचे बँकेचे मेल, मुलांचे फोटो, सगळं असतं. आणि नव्या ठिकाणाहून लॉगिन केलं की ओटीपी त्यांच्या फोनवर जातो, म्हणजे प्रत्येक वेळी "शेठ, एक नंबर आला असेल बघा" असा फोन. ते गल्ल्यावर गिऱ्हाईक सांभाळत असतात.

मेल लिहायच्या आधी एकदा दुकानात जाऊन पंधरा मिनिटं बसा. कारण परवानगी काय मागायची हे एका गोष्टीवर अवलंबून आहे: ही खाती मुळात कुणाच्या नावावर आहेत? दुकानात ज्यांनी वेबसाइट करून दिली त्यांनीच बहुतेक वेळा आपल्या जीमेलवरून सगळं उघडलेलं असतं, आणि मालकांना त्याचा पत्ताच नसतो.

मी एकदा यात चांगलाच आपटलो. उद्यमबागेतला मशीनचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता. मालकांनी मला टॅग मॅनेजरच्या कंटेनरमध्ये घेतलं, मी फोन नंबरवरच्या क्लिक मोजायचा टॅग केला, पब्लिश केला आणि तीन दिवस आकड्यांची वाट बघत बसलो. एकही क्लिक नाही. आधी वाटलं ट्रिगर चुकला. मग `Preview` लावलं तर ते वेबसाइटशी जोडलंच जाईना. शेवटी वेबसाइट उघडून Ctrl+U दाबलं आणि पानाच्या कोडमध्ये `GTM-` शोधलं. तिथे कंटेनरचा वेगळाच नंबर होता. जुन्या वेब डिझायनरने स्वतःच्या खात्यातला कंटेनर साइटवर लावला होता आणि मालकांच्या नावाने दुसरा, रिकामा उघडून ठेवला होता. मी तीन दिवस त्या रिकाम्या डब्यात काम करत होतो.

तेव्हापासून मेलच्या आधी हे करतो. साइट उघडायची, Ctrl+U, आणि दोन गोष्टी शोधायच्या: `GTM-` ने सुरू होणारा कंटेनरचा नंबर आणि `G-` ने सुरू होणारा अ‍ॅनालिटिक्सचा नंबर. दुसरा नंबर बऱ्याचदा पानाच्या कोडमध्ये दिसत नाही, कारण तो टॅग मॅनेजरच्या आतून चालतो. तेव्हा तो नंतर आत गेल्यावर बघायचा. पण `GTM-` दिसलाच पाहिजे. दोन वेगवेगळे दिसले तर समजा, आधी कुणीतरी काम करून गेलंय. हा नंबर मेलमध्ये लिहा. म्हणजे मालक भलत्याच कंटेनरची परवानगी देणार नाहीत.

आता मेल. तुमच्या साडीच्या दुकानासाठी मी लिहिला असता तर असा लिहिला असता. यात मालक स्वतः तिन्ही खात्यांचे अ‍ॅडमिन आहेत असं धरलंय. नसतील तर काय, ते शेवटी सांगतो.

---

विषय: दुकानाच्या जाहिरातींसाठी तीन परवानग्या (पासवर्ड नको)

नमस्कार शेठ,

काल दुकानात ठरल्याप्रमाणे दिवाळीच्या जाहिराती सुरू करण्याआधी मला तीन ठिकाणी परवानगी लागेल. तिन्ही खाती तुमच्याच नावावर राहतील आणि माझी परवानगी तुम्ही कधीही काढू शकाल. पासवर्ड किंवा ओटीपी मला पाठवू नका. माझ्या नावाने कुणी मागितलाच, तर आधी मला फोन करून विचारा.

1. गूगल अ‍ॅड्स. इथे जाहिराती चालतात आणि पैसे खर्च होतात. तुम्ही मला फक्त खात्याचा दहा आकडी नंबर कळवा. तो आत गेल्यावर वर उजव्या कोपऱ्यात 123-456-7890 अशा रूपात दिसतो. मी माझ्या मॅनेजर खात्यातून जोडणीची विनंती पाठवेन. ती `Admin` मध्ये `Access and security`, त्यात `Managers` इथे दिसेल. तिथे `Accept` दाबा. मालकी हक्काबद्दल काही विचारलं तर तो देऊ नका, मला त्याची गरज नाही.
यामुळे मी जाहिराती तयार करू शकेन, थांबवू शकेन, रोजचं बजेट बदलू शकेन. तुमच्या खात्यात दुसऱ्या कुणाला घेणं किंवा कुणाला काढणं मला जमणार नाही. बजेट मी तुम्हाला विचारल्याशिवाय वाढवणार नाही. एक आधीच सांगतो: रोजचे 500 रुपये ठरले तरी गूगल एखाद्या दिवशी 1,000 पर्यंत खर्च करू शकतं. पण महिन्याला 15,200 च्या वर घेत नाही.

2. गूगल अ‍ॅनालिटिक्स. वेबसाइटवर कोण कुठून आलं, काय बघितलं, हे इथे दिसतं. `Admin` मध्ये `Property access management` उघडा, निळ्या + वर `Add users` दाबा, माझा पत्ता टाका आणि `Marketer` निवडा.
यामुळे मला रिपोर्ट दिसतील आणि "फोन केला", "व्हॉट्सअ‍ॅप उघडलं" या गोष्टी महत्त्वाच्या म्हणून खूण करता येतील. दुसऱ्या माणसाला आत घेणं मला जमणार नाही.

3. टॅग मॅनेजर. वेबसाइटवर मोजमापाचे तुकडे लावायची ही जागा. साइटवर सध्या जो कंटेनर आहे त्याचा नंबर (इथे शोधलेला नंबर) हा आहे. आत गेल्यावर हाच नंबर आहे ना, ते आधी बघा. मग `Admin` मध्ये `User Management`, +, माझा पत्ता, आणि कंटेनरसाठी `Publish` निवडा. खात्याच्या रकान्यात `User` राहू द्या, `Administrator` करू नका.
तिन्हींत सगळ्यात जपून द्यायची परवानगी हीच आहे, कारण इथून मी वेबसाइटवर कोड लावू शकतो. म्हणून प्रत्येक बदलाला तारीख आणि कारण लिहीन, आणि त्याच दिवशी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवीन. बदल आवडला नाही तर जुनी आवृत्ती परत लावता येते.

माझा पत्ता, दोन्हीकडे हाच: (तुमचा जीमेल)

शनिवारी दुपारी मी दुकानात येतो. तेव्हा अ‍ॅड्स आणि अ‍ॅनालिटिक्स एकमेकांना जोडून घेऊ. ते तुमच्या लॉगिननेच, तुमच्यासमोर करायचं आहे. दहा मिनिटं लागतील. काम थांबलं तर तिन्ही परवानग्या कशा काढायच्या ते मी लेखी देईन.

आपला,
(नाव)

---

मेल एवढाच. आता प्रत्येक ठिकाणी मी हीच परवानगी का निवडली ते सांगतो, कारण मालक विचारतील, आणि तेव्हा उत्तर तुमच्या तोंडात हवं.

अ‍ॅड्सपासून सुरू करू. इथे आत यायचे दोन रस्ते आहेत. एक, मालकांनी तुमच्या जीमेलला थेट वापरकर्ता म्हणून घ्यायचं. तेव्हा त्यांना `Email only`, `Billing`, `Read only`, `Standard`, `Admin` अशा पायऱ्यांमधून निवडावं लागतं. दुसरा, तुमच्या मॅनेजर खात्याने जोडून घेणं. मी दुसरा सुचवतो, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे: मालकांना निवडायलाच काही नसतं. एकच `Accept`. पहिल्या रस्त्यात पाच पर्यायांची यादी बघून माणूस एकतर थांबतो, नाहीतर सगळ्यात मोठं दिसतं ते `Admin` दाबून मोकळा होतो. पण तुमचं मॅनेजर खातं नसेल, हा एकच क्लायंट असेल, तर थेट वापरकर्ता म्हणून `Standard` मागा. काम सगळं होतं, माणसं आत-बाहेर करता येत नाहीत. तुम्हाला तेवढंच हवंय.

मॅनेजर जोडणीत एक जागा आहे जिथे फसायला होतं. जोडणी झाल्यावर त्याच पानावर मालकी हक्क देण्याचा पर्याय दिसतो. तो दिला की तुमचं मॅनेजर खातं त्यांच्या खात्यात माणसं घेऊ-काढू शकतं. काही एजन्सी तो हक्क आपल्याकडे घेतात, आणि वर्षभराने भांडण झालं की क्लायंटला आपल्याच खात्यात विनंत्या करत फिरावं लागतं. मी तो घेत नाही, आणि मेलमध्ये "देऊ नका" असं स्पष्ट लिहितो. त्या एका वाक्याने मला आजवर जितका भरवसा मिळाला तितका कुठल्या प्रेझेंटेशनने मिळाला नाही.

खर्चाचं वाक्य मेलमध्ये घालायला विसरू नका. रोजच्या बजेटच्या दुप्पट एखाद्या दिवशी जाणं हा गूगलचा ठरलेला नियम आहे. महिन्याची मर्यादा रोजचं बजेट गुणिले 30.4 अशी धरतात, म्हणून 500 चे 15,200 झाले. मालकांना हे आधी सांगितलं नसेल, तर पहिल्या रविवारी 900 रुपये गेलेले बघून त्यांना वाटतं की तुम्ही त्यांना न विचारता बजेट वाढवलं. आणि तेव्हा सगळा संशय तुमच्या परवानगीवर येतो. अजूनही धास्ती असेल तर पैसे आधी भरून मग खर्च होण्याची सोय ठेवा. मोबाईलच्या रिचार्जसारखं, जेवढं टाकलं तेवढंच जातं. आपल्याकडच्या मालकांना हे लगेच पटतं, मग परवानगीचा विषयही सैल होतो.

अ‍ॅनालिटिक्समध्ये मी `Editor` का मागत नाही, हा प्रश्न तुमच्यासारख्या जाणकारालाही पडेल. बहुतेक जण डोळे झाकून `Editor` मागतात, कारण अ‍ॅड्सशी जोडणी करायला तो लागतो. खरं आहे: त्या जोडणीसाठी ज्या जीमेलने तुम्ही बसलाय त्याला अ‍ॅनालिटिक्समध्ये किमान `Editor` आणि अ‍ॅड्समध्ये `Admin`, दोन्ही एकदमच लागतात. पण हे काम एकदाच करायचं असतं. आणि एका कामासाठी वर्षभर दोन मोठ्या परवानग्या हातात ठेवण्यापेक्षा मालकांच्या लॉगिनने, त्यांच्या समोर बसून ते करून टाकलेलं बरं. त्यांच्याकडे दोन्ही हक्क आधीच आहेत. `Admin` मध्ये `Product links`, त्यात `Google Ads links`, त्यांचं अ‍ॅड्स खातं निवडलं की झालं.

त्याच बैठकीत `Data retention` मध्ये जाऊन मुदत 2 महिन्यांवरून 14 महिने करून घ्या. ती मूळ 2 महिनेच असते. साडीच्या दुकानाला यंदाची दिवाळी आणि गेल्या वर्षीची दिवाळी शेजारी ठेवून सखोल बघायची असेल तर 2 महिने पुरणार नाहीत. हे बदलायलाही `Editor` लागतो, म्हणून मालक समोर असतानाच उरकायचं. पुढे रोजच्या कामाला `Marketer` पुरतो. रिपोर्ट दिसतात, ऑडियन्स बनवता येतात, कुठली घटना महत्त्वाची मानायची ते ठरवता येतं.

तुमचं काम नुसतं दर महिन्याला आकडे सांगायचं असतं, तर मी `Viewer` वर थांबलो असतो. उलट वेबसाइट नवीन होत असेल, दोन-तीन डोमेन असतील, डेटा स्ट्रीम बदलत असेल, तर `Editor` मागणं रास्तच आहे. फक्त मेलमध्ये "चार आठवड्यांसाठी" असं लिहा आणि चार आठवड्यांनी स्वतःहून "आता `Marketer` करा" असा मेल टाका. परवानगी कमी करायला सांगणारा माणूस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलेला असतो.

आता टॅग मॅनेजर. तिथे कंटेनरच्या पायऱ्या `Read`, `Edit`, `Approve`, `Publish` अशा आहेत. `Edit` ने तुम्ही बदल करून ठेवता, पण तो साइटवर लावता येत नाही. `Approve` ने आवृत्ती बनवता येते, लावता तरीही येत नाही. कागदावर सगळ्यात सुरक्षित रस्ता म्हणजे तुम्ही `Edit` घ्यायचं आणि मालकांनी पब्लिश करायचं. पण दुकानदार रात्री नऊला शटर ओढून टॅग मॅनेजर उघडेल का? उघडला तरी त्याला बदल बरोबर आहे की नाही हे कळणार नाही. न कळता दाबलेली मंजुरी ही मंजुरी नसते. म्हणून मी `Publish` मागतो आणि धोका लपवत नाही.

धोका खरा आहे. तिथे `Custom HTML` नावाचा टॅग आहे, त्यात कुठलाही कोड टाकून साइटवर चालवता येतो. साइटवर फॉर्म असेल, पैसे घेत असाल, तर गिऱ्हाईक काय टाइप करतं ते वाचणारा कोडही लावता येतो. तुम्ही तसं करणार नाही, पण तुमचं जीमेल कुणी फोडलं तर? म्हणून स्वतःच्या जीमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, आणि तसं मेलमध्ये लिहिलंत तरी चालेल. दुकानाच्या साइटसाठी तुम्हाला `Custom HTML` बहुधा लागणारही नाही. गूगल टॅग, कन्व्हर्जन लिंकर आणि क्लिक मोजायचे दोन टॅग त्यांच्या ट्रिगरसह, बास: एक `tel:` ने सुरू होणाऱ्या लिंकसाठी, दुसरा `wa.me` असलेल्या लिंकसाठी. चंदगड-कोल्हापूरकडचं गिऱ्हाईक असो नाहीतर गोव्याकडचं, साडीच्या दुकानात ते फॉर्म भरत नाही. फोन करतं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागतं. मोजायचं ते तेवढंच.

पब्लिश करताना `Version Name` रिकामं सोडू नका. मी असं लिहितो: "12 ऑक्टोबर, वरच्या फोन नंबरवरची क्लिक मोजणे". `Versions` मध्ये ही नावं एकाखाली एक दिसतात. काही बिघडलं तर आदल्या नावावर जाऊन तीच आवृत्ती पुन्हा पब्लिश करायची, साइट होती तशी होते. मालकांना हे एकदा स्क्रीनवर दाखवा. कोड कळत नसला तरी मराठीत लिहिलेली तारीखवार यादी त्यांना कळते. त्यांच्या वहीपेक्षा ती वेगळी नाही.

सीमाभागातलं एक व्यवहारी कलम. मेल मराठीत लिहा, पण स्क्रीनवरचे शब्द जसेच्या तसे इंग्रजीत ठेवा. मी सुरुवातीला `Property access management` चं भाषांतर करून पाठवलं होतं, "मालमत्ता प्रवेश व्यवस्थापन". मालकांनी फोन करून विचारलं, "सातबाऱ्याचं काय हे?" तेव्हापासून नाही. कॉम्प्युटरवर बसणारे हिशेबनीस कन्नड वाचणारे असतील तर मेलमधल्या पायऱ्यांचे स्क्रीनशॉट सोबत जोडा; त्यावर लाल गोल केले की भाषेचा प्रश्नच राहत नाही. आणि हे सगळं कॉम्प्युटरवर करायला सांगा. फोनवर टॅग मॅनेजरचं पान उघडतं, पण बटणं सापडत नाहीत, आणि दोष तुमच्या मेलला येतो.

आता कुठे अडतं ते बघू. मालकांना अ‍ॅनालिटिक्समध्ये माणूस घ्यायचा + दिसतच नाही, असा फोन आला तर ते तिथले अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नाहीत. टॅग मॅनेजरमध्ये माणूस घ्यायची सोयच मिळाली नाही, तर ते त्या खात्याचे अ‍ॅडमिन नाहीत. कंटेनरचं `Publish` हातात असलं तरी दुसऱ्याला बोलावता येत नाही. अ‍ॅड्समध्ये `Users` च्या यादीत त्यांच्या नावापुढे `Admin` लिहिलंय का ते बघायला सांगा. नसेल तर ते जोडणी मान्य करू शकत नाहीत. आणि तुम्ही परवानगी मागितलेला पत्ता कंपनीच्या डोमेनचा असेल, पण गूगल खातं नसेल, तर निमंत्रण पोचूनही आत जाता येत नाही. म्हणून मेलमध्ये साधं जीमेल द्या.

मालक अ‍ॅडमिन नाहीत असं निघालं तर तुमची परवानगी बाजूला ठेवा. आधी मालकांना त्यांच्याच खात्याचा अ‍ॅडमिन करून घ्यायचं, मग तुमचं. जुन्या माणसाला मालकांच्या नावाने दोन ओळींचा मेल लिहून द्या: "या तिन्ही खात्यांत माझा पत्ता अ‍ॅडमिन म्हणून घ्या." भांडणाचा सूर नको, बहुतेक जण करून देतात, त्यांना अडवून काही मिळत नसतं. माझ्या उद्यमबागेच्या प्रकरणात त्या डिझायनरने दोन फोननंतर करून दिलं, आणि मग तो रिकामा कंटेनर काढून टाकला.

त्यांनी नाहीच दिलं तर तिन्ही ठिकाणचं नुकसान सारखं नाही, आणि जोर कुठे लावायचा ते त्यावरून ठरवा. टॅग मॅनेजर नवा उघडायला अर्धा दिवस पुरतो: नवा कंटेनर, साइटवरचा जुना तुकडा काढून नवा लावायचा, दोन ट्रिगर पुन्हा करायचे. हरवलं असं काही नाही. अ‍ॅनालिटिक्स नवं उघडलं तर मागचे आकडे जातात, आणि ते जुन्यातून नव्यात आणता येत नाहीत; निदान जुन्या माणसाकडून गेल्या दिवाळीचे रिपोर्ट उतरवून घ्या. अ‍ॅड्सचं खातं मात्र सहजी सोडू नका. कुठल्या शब्दावर फोन आले, कुठल्यावर पैसे वाया गेले, हा सगळा इतिहास त्या दहा आकडी नंबराला चिकटलेला असतो. तिथे मालकांच्या नावाचा `Admin` मिळेपर्यंत आठवडाभर थांबायची माझी तयारी असते. फेसबुकच्या जाहिराती पुढे घ्याल तेव्हाही हाच क्रम ठेवा, आणि तिथे मालकांच्या बिझनेस पोर्टफोलिओतून पार्टनर म्हणूनच आत या.

तुमच्या बाबतीत मालक पासवर्ड द्यायला तयार आहेत, याचा अर्थ लॉगिन त्यांच्याकडे आहे. त्यामुळे तेच अ‍ॅडमिन असण्याची शक्यता बरीच आहे. आजच साइटवर Ctrl+U करून `GTM-` बघा, वरच्या मेलमध्ये तो नंबर घाला आणि पाठवा. शनिवारी जाताना लॅपटॉपचा चार्जर न्या.